एल5-एस1 ची डिस्क सरकून पायात उतरलेली सायटिका: वाट कधी पाहायची आणि त्याच दिवशी रुग्णालय कधी गाठायचं

प्रश्न: माझं वय 39. पाच आठवडे झाले, डाव्या कुल्ह्यापासून पोटरीमागून करंगळीपर्यंत कळ जाते. कंबर त्या मानाने कमी दुखते. एमआरआयमध्ये एल5-एस1 ला मोठी डिस्क सरकून नस दबल्याचं लिहिलंय. एक डॉक्टर लगेच ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे थांबा म्हणतात. लघवीवर परिणाम होतो असं वाचलं तेव्हापासून झोप नाही. गेले दोन दिवस लघवी सुरू व्हायला जरा वेळ लागतोय असंही वाटतंय. थांबू का?

उत्तर:

आधी लघवीचं बोलू. लघवीला नव्याने वेळ लागायला लागला असेल, तर आजच, म्हणजे पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता, जिथे तातडीने एमआरआय होतो आणि मणक्याचे सर्जन उपलब्ध असतात अशा रुग्णालयात जाऊन तपासून घ्या. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण ते साधं आहे हे घरी बसून ठरवता येत नाही, आणि नसलं तर प्रत्येक तासाला किंमत असते.

कारण असं. कमरेच्या मणक्यांच्या नळीत पाठीचा मुख्य मज्जारज्जू नसतो. तो वरच, पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्याशी संपतो. खाली उरतो तो नसांचा झुपका, घोड्याच्या शेपटीसारखा. या झुपक्यात पायांकडे जाणाऱ्या नसा बाजूला सरकत सरकत आपापल्या मणक्यातून बाहेर पडतात. लघवी, संडास आणि जननेंद्रियांची संवेदना सांभाळणाऱ्या एस2 ते एस4 या नसा मात्र शेवटपर्यंत नळीच्या मध्यभागी राहतात. मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, एका बाजूला सरकली तर एका पायाची नस दबते. मोठा तुकडा मध्यभागी घुसला तर हा मधला झुपका चेपतो. म्हणूनच हाडांच्या डॉक्टरांना फक्त 'मोठी डिस्क' हे दोन शब्द पुरत नाहीत. ती बाजूला आहे की मध्यात, आणि नळीत जागा किती उरली आहे, हे ते फिल्मवर स्वतः पाहतात.

या झुपक्यावर दाब यायला लागला की पहिल्यांदा लघवी आपोआप होऊ लागते, असा बहुतेकांचा समज आहे. तसं नसतं. कपडे ओले होणं ही फार उशिराची पायरी. सुरुवात हळू असते: मूत्राशय भरल्याची जाणीव बोथट होते, धार सुरू व्हायला थांबावं लागतं, पोटाला जोर द्यावा लागतो, धार बारीक होते, किंवा लघवी होत असताना ती होते आहे हे जाणवत नाही. बरोबरीने खोगिरावर बसल्यावर जो भाग खोगिराला टेकेल तेवढ्या भागात, म्हणजे गुदद्वाराभोवती, जननेंद्रियांवर आणि मांडीच्या आतल्या वरच्या बाजूला बधिरपणा येतो. रुग्णाच्या लक्षात तो साफ करताना येतो: "कागद लागतोय की नाही कळेना." संभोगाच्या वेळची संवेदना कमी होणं हीही तीच खूण, लोक ती संकोचाने सांगत नाहीत, पण डॉक्टरांना ती सांगाच. आणि कळ एका पायातून दोन्ही पायांत गेली, तर ती बाब मी कधीच साधी धरत नाही.

तिथे तपासणीत काय व्हायला हवं, तेही माहीत असू द्या. गुदद्वाराभोवती दोन्ही बाजूंना टोचून आणि हलक्या स्पर्शाने संवेदना पाहिली जावी. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती लघवी उरली हे सोनोग्राफीने किंवा ब्लॅडर स्कॅनरने मोजलं जावं. 200 मिलिलिटरच्या वर उरत असेल तर शंका बळावते. अगदी कमी उरत असेल आणि संवेदना शाबूत असेल तर बराच दिलासा मिळतो. पण संवेदनाच बदलली असेल, तर उरलेली लघवी कमी आहे एवढ्यावर कोणी घरी पाठवू नये. एमआरआय पुन्हा करावा लागतो. आधी काढलेला एमआरआय आजच्या लघवीबद्दल काही सांगत नाही. झुपका खरंच चेपला असेल, तर ऑपरेशन शक्य तितक्या लवकर होतं. लघवी अजून स्वतःच्या ताब्यात असताना दाब काढला, तर मूत्राशय परत येण्याची शक्यता बरीच चांगली असते. लघवी पूर्ण तुंबल्यानंतर काढला तर ती घटते. मला स्वतःला अशा एक बाई आठवतात, ज्यांनी खोगिराच्या भागातला बधिरपणा तीन दिवस 'औषधाने आला असेल' म्हणून सोसला. रुग्णालयात आल्या त्याच रात्री ऑपरेशन झालं, पाय सावरले, पण लघवीसाठी कित्येक महिने नळी घालावी लागली.

साधी कारणं कोणती, तर ट्रामाडॉलसारखं तीव्र वेदनाशामक, रात्रीची अमिट्रिप्टिलिनची गोळी, त्यातून आलेली बद्धकोष्ठता, आणि वेदनेमुळे शौचालयात नीट बसता न येणं. या चारांपैकी काही तुमच्याकडे असेल तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. पण औषध घेतो म्हणून तपासणी टाळू नका.

तिथून 'झुपका मोकळा आहे' असं ऐकून परत आलात, असं धरून पुढचं लिहितो.

तुम्ही सांगितलेली वाट, म्हणजे कुल्हा, मांडीची मागची बाजू, पोटरी आणि पायाची बाहेरची कड करंगळीपर्यंत, ही एस1 नसेची वाट आहे, आणि एल5-एस1 ची गादी बाजूला सरकली की बहुतेक वेळा हीच नस दबते. म्हणजे तुमचं दुखणं आणि तुमची फिल्म एकच गोष्ट सांगताहेत. ही जुळणी फार महत्त्वाची, कारण काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येसुद्धा सरकलेल्या गाद्या सर्रास दिसतात. वीस वर्षांच्या निरोगी मुलांतही साधारण 30 टक्क्यांमध्ये गादी फुगलेली सापडते. कळ अंगठ्याकडे आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूला गेली असती तर मी एल5 नसेचा विचार केला असता, आणि मग पाऊल वर उचलण्याची ताकद तपासली असती. एस1 मध्ये तपासायची ताकद उलटी: टाच वर उचलायची.

हे घरी करता येतं आणि तुम्ही आठवड्यातून एकदा करावं असं मला वाटतं. भिंतीला बोट टेकून उजव्या पायावर उभे राहा आणि टाच पूर्ण वर उचलून खाली ठेवा. किती वेळा जमतं ते मोजा; साधारण निरोगी माणसाला वीसेक वेळा जमतं. मग डाव्या पायावर. डावीकडे पाच-सहाला पोटरी थकत असेल तर नस कमजोर आहे, आणि हा आकडा लिहून ठेवायचा. पुढच्या आठवड्यात तो वाढला की टिकला की घसरला, यावर बरंच अवलंबून आहे. दुखण्यामुळे थांबलात की ताकदच संपली, हेही त्या आकड्यापुढे लिहा, कारण दोन्हींचा अर्थ वेगळा.

आता गादी 'जाते' कुठे, ते सांगतो, कारण थांबण्यामागचं शास्त्र तिथे आहे. मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट कडं असतं आणि आत मऊ गर. कडं फाटून गर बाहेर आला की तो नसेवर दाब देतोच, पण त्याहून वाईट म्हणजे तिला रासायनिक सूज आणतो. निव्वळ दाबाने नस प्रामुख्याने बधिर होते. सुजलेल्या नसेवर दाब आला की ती पायभर पेटते. म्हणून खोकलं, शिंकलं, कुंथलं की तुम्हाला पायात वीज जाते. शरीर या बाहेर आलेल्या गराला परकं समजतं: तिथे नव्या रक्तवाहिन्या येतात, भक्षक पेशी येतात आणि गर हळूहळू शोषला जातो. गंमत वाटेल, पण कड्यातून पूर्ण बाहेर पडलेले मोठे तुकडे नुसत्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा आणि जास्त प्रमाणात आक्रसतात. म्हणून 'मोठी डिस्क' हे एकटं ऑपरेशनचं कारण नाही. आणि दुखणं सहसा आधी ओसरतं, फिल्म नंतर सुधारते. सूज उतरायला गर पूर्ण जावा लागत नाही.

तुमच्या दोन डॉक्टरांपैकी कोण बरोबर, याला नेदरलँड्समध्ये 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने चांगलं उत्तर दिलं आहे. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या 283 रुग्णांपैकी निम्म्यांना लवकर ऑपरेशन आणि निम्म्यांना आधी थांबून उपचार, अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, यात वाद नाही. वर्षाअखेर मात्र दोन्ही गटांत बरे झालेले सारखेच होते, 95 टक्के. पण थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना पुढे ऑपरेशन करून घ्यावंच लागलं, हेही लक्षात ठेवा. म्हणजे ताकद टिकून असेल आणि लघवी ठीक असेल, तर ऑपरेशनने तुम्ही मुख्यतः वेळ विकत घेता. ते चूक नाही. ज्याला झोपच नाही त्याला दोन महिन्यांची किंमत मोठी असते. ठरवायचं तुम्ही, घाबरून नाही.

थांबायचं म्हणजे पडून राहायचं नाही. दोन आठवडे अंथरुणावर राहिलेल्या आणि जमेल तसं वावरलेल्या सायटिकाच्या रुग्णांची तुलना 1999 मध्ये झाली. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे 87 टक्के सुधारले. झोपून काही मिळालं नाही, आणि मी पाहतो की स्नायू मात्र जातात. कळ अनावर असेल तेव्हा दिवसातून चार-पाच वेळा वीसेक मिनिटं उताणे झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, किंवा कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घ्या. बाकी वेळ छोट्या छोट्या फेऱ्या. एकदम अर्धा तास चालू नका; पायात कळ वाढायच्या आधी थांबा, मग ती पाच मिनिटंच का असेनात, आणि दिवसातून पाच-सहा वेळा चाला.

बसणं हा सायटिकाचा खरा वैरी, विशेषतः वाकून, मऊ सोफ्यावर किंवा गाडीत. उभं राहून काम करता येत असेल तर करा. बसावंच लागलं तर कमरेच्या पोकळीत गुंडाळी ठेवून आणि कळ यायच्या आत उठून. सकाळचा पहिला तास वेगळा जपा. रात्रभर आडवं राहिल्याने गादी पाणी शोषून फुगलेली असते आणि त्या वेळी वाकल्यास तिच्यावर ताण जास्त पडतो. मोजे, बूट, खाली पडलेली वस्तू, बादली हे सगळं तासाभराने. उठताना कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हातांनी रेटून बसा.

व्यायामाबाबत एकच कसोटी मी रुग्णांना शिकवतो: कळ कुठवर जाते ते बघा, किती आहे ते नंतर. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलणं अनेकांना मानवतं. ते केल्यावर करंगळीतली कळ पोटरीपर्यंत, मग मांडीपर्यंत मागे सरकली आणि कंबर थोडी जास्त दुखू लागली, तर ते चांगलं लक्षण. तो व्यायाम चालू ठेवा. उलट कंबर हलकी वाटली पण कळ पावलात खोल गेली, तर तो व्यायाम आजच बंद. पाय ताणून पायाची बोटं धरण्याचा व्यायाम या काळात करू नका. त्याने आखडलेला स्नायू नाही, सुजलेली नस ताणली जाते.

गोळ्यांकडून माफक अपेक्षा ठेवा. सूज उतरवणारी वेदनाशामकं थोड्या दिवसांसाठी मदत करतात. ज्यांना आम्लपित्ताचा व्रण, मूत्रपिंडाचा त्रास, उच्च रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी गोळी आहे, त्यांनी ती स्वतःहून घेऊ नयेत. नसेच्या दुखण्यासाठी म्हणून प्रीगाबालिन सर्रास लिहून दिलं जातं, पण 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सायटिकात ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरलं नाही आणि चक्कर मात्र जास्त आली. तुम्ही ते आधीच घेत असाल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा. तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडचा फायदाही फारसा नाही. कळ असह्यच असेल तर नसेभोवती स्टिरॉइडचं इंजेक्शन हा विचार करण्याजोगा मार्ग आहे. परिणाम काही आठवड्यांचा आणि मध्यम असतो, तो मिळाला तर त्या अवधीत चालायला सुरुवात होते. ट्रॅक्शनने, म्हणजे वजन लावून कंबर ताणून, गादी आत जात नाही. त्यासाठी भरती होऊ नका.

एका रुग्णाचा प्रवास सांगतो, तुमच्याशी मिळताजुळता. वय 44, उजवी एस1 नस, दुसऱ्या आठवड्यात आले ते एका कुशीवर तिरके उभे. उताणे झोपवून पाय सरळ उचलला तर 30 अंशांवरच पोटरीत कळ. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया नाही. टाच उजवीकडे चार वेळा, डावीकडे वीस. लघवी, संवेदना ठीक. पाच मिनिटांच्या फेऱ्या आणि पालथं झोपणं एवढंच सुरू केलं. चौथ्या आठवड्यात कळ घोट्यावरून पोटरीच्या मध्यावर आली आणि टाच नऊ वेळा. त्यांना ते समाधान वाटलं नाही, कारण दुखणं तितकंच तीव्र होतं. मला मात्र तिथेच पुढची दिशा दिसली. सहाव्या आठवड्यात कोणी तरी ट्रामाडॉल सुरू केलं आणि तीन दिवसांत लघवीला वेळ लागू लागला, संडास बंद. त्याच संध्याकाळी बोलावलं. खोगिराच्या भागातली संवेदना दोन्हीकडे सारखी, गुदद्वार घट्ट आवळता येतं, लघवीनंतर उरलेली फक्त 40 मिलिलिटर. शंका पूर्ण जावी म्हणून एमआरआयही त्याच रात्री केला: तुकडा बाजूलाच होता, मधली जागा मोकळी. गोळी बंद केली, पोट साफ झालं, चौथ्या दिवशी धार नेहमीसारखी. बाराव्या आठवड्यात ते पाऊण तास बसू शकत होते आणि टाच सतरा वेळा. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया आजही परतलेली नाही. ती नाही म्हणून त्यांचं काही अडत नाही.

याच काळात मी त्यांना एक गोष्ट वारंवार बजावली होती, तीच तुम्हालाही. कळ एकाएकी नाहीशी झाली आणि त्याच वेळी पाय जास्त बधिर किंवा जास्त लुळा वाटू लागला, तर ते बरं होणं नव्हे. नस निवली नसून तिचं काम थांबत चाललं आहे. खरी सुधारणा वेगळी दिसते: कळ खालून वर मागे सरते, ताकद टिकते किंवा वाढते, आणि बधिरपणा सगळ्यांत शेवटी, कधी काही महिन्यांनी, जातो.

सर्जनकडे परत कधी जायचं? टाच उचलण्याचा आकडा ताकदीअभावी एका आठवड्यात ठळक घसरला, किंवा चालताना पाऊल आपटू लागलं, तर दोन दिवसांत. ताप, कारणाशिवाय घटतं वजन, पूर्वीचा कर्करोग, किंवा कोणत्याही स्थितीत न थांबणारी रात्रीची वेदना असेल तर गादी हे कारण आहे असं गृहीत न धरता लगेच. यातलं काही नसेल, तर आजपासून आणखी सहा-सात आठवडे थांबून बघायला हरकत नाही. तोवर कळ वर सरकलीच नाही आणि झोप-काम ठप्पच राहिलं, तर मायक्रोडिस्केक्टमी, म्हणजे छोट्या छेदातून गादीचा सरकलेला तुकडा काढण्याचं ऑपरेशन, हा रास्त पर्याय आहे. पायाच्या कळीवर त्याचा परिणाम चांगला असतो, निव्वळ कंबरदुखीवर तितका नाही. तुमची कळ पायातच जास्त आहे, त्यामुळे तशी वेळ आलीच तर त्याचा उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे.

लघवीची तपासणी झाली की उरलेल्या लघवीचा आकडा आणि दोन्ही पायांवर टाच किती वेळा उचलता आली, ते इथे लिहा. त्यावरून पुढचं बोलू.